दुकानाच्या स्क्रीनला टायमर लावायच्या आधी हे बघून घ्या

आमच्या साड्यांच्या दुकानात तीन डिस्प्ले आहेत, दोन शोकेसमध्ये आणि एक काउंटरमागे. दुकान साडेदहा ते नऊ, सोमवारी बंद. मागच्या वेळी मी On Timer ला 10:15 टाकलं, Off Timer ला 21:00, सोमवारची खूण काढली आणि झालं म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तिन्ही स्क्रीन काळ्या. कारण एकच, रात्री शटर ओढताना पोरानं सवयीनं मेन पाडला होता.

म्हणून सगळ्यात आधी मेनचं बघा, रिमोट नंतर हातात घ्या. टायमरनं बंद झालेली स्क्रीन खरं तर स्टँडबायवर असते, आतलं घड्याळ चालू असतं आणि वेळ झाली की तीच स्वतःला उठवते. मेन पाडला की तिला उठवणारंच कोणी राहत नाही. सकाळी साडेदहाला मेन वर केला तेव्हा सव्वादहा होऊन गेले होते, मग ती दिवसभर स्टँडबायलाच बसली.

वायरमनला बोलावून स्क्रीनची लाईन दुकानाच्या मेनच्या आधीच घ्यायला सांगा, तिला वेगळा एमसीबी, आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: स्क्रीन, रात्री पाडू नये. हे काम स्वतः करू नका, मेनच्या आधीची वायर कायम जिवंत असते. चिठ्ठी लावली तरी शटर बंद करणाऱ्या माणसाला तोंडी सांगा, तो सुट्टीवर असला तर बदली माणसालाही सांगा. मी हेच सांगितलं नव्हतं.

शॉर्टसर्किटच्या भीतीनं मालक मेन पाडणारच म्हणत असतील तर तेही चालतं, पण मग On Timer चा नाद सोडा. मेनूत Auto Power On सारखं सेटिंग शोधा, म्हणजे मेन वर केला की स्क्रीन आपोआप लागते. दोन्हीपैकी एक ठरवा. मेनही पाडायचा आणि On Timer वरही विसंबायचं हे जमत नाही.

आता घड्याळ, तेही या मेनशीच जोडलेलं आहे. वीज पूर्ण गेली की काही डिस्प्लेचं घड्याळ पुसलं जातं. कुठे नुसत्या आडव्या रेघा दिसतात आणि टायमर चालतच नाही, कुठे परत शून्यापासून मोजणी सुरू. आमची काउंटरमागची स्क्रीन त्या दिवशी रात्री पावणेनऊला अचानक लागली, मला वाटलं बिघडली. नंतर हिशोब केला. साडेदहाला वीज आली तेव्हा तिच्या लेखी रात्रीचे बारा वाजले होते, तिथून सव्वादहा तास मोजले की बरोबर पावणेनऊ! तेव्हा स्क्रीन भलत्या वेळी लागली तर आधी मेनूत जाऊन तिच्या घड्याळात किती वाजलेत ते बघा. तारीखही बघा, तारीख चुकली की वार चुकतो आणि सोमवारची सुट्टी मंगळवारी पडते. नेट जोडलेलं असेल तर वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा आणि झोन GMT+5:30 आहे ना ते बघा. तो GMT+8 वर राहिला असेल तर सव्वादहाची स्क्रीन पावणेआठलाच लागते.

साधा घरगुती टीव्ही लावला असेल तर एक अडचण येते, काही टीव्ही On Timer नं लागल्यावर दोन तास कोणी बटण दाबलं नाही तर आपोआप बंद होतात. मेनूत ते बंद करता येत नसेल तर तो टीव्ही या कामाचा नाही.

स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या अँड्रॉइड बॉक्सला टायमरवाला प्लग लावू नका, चालू असताना वीज तोडली की आतली फाइल खराब होऊ शकते. बॉक्स चालू राहू दे. CEC, म्हणजे HDMI वायरमधून एकमेकांना चालू-बंद करायची सोय, तीही मेनूतून बंद करा, नाहीतर बॉक्स रात्री रीस्टार्ट झाला की स्क्रीनलाही उठवतो. सिग्नल गेला की स्क्रीन आपोआप घालवणारं No Signal Power Off पण बंद.

आता चाचणी. पाच मिनिटांनी बंद, दहा मिनिटांनी चालू असं लावून समोर उभे राहा. मग एमसीबी दहा मिनिटं पाडून वर करा, घड्याळ टिकलं का बघा. नंतर खरी वेळ टाका, तिन्ही स्क्रीनवर. दिवाळीत दुकान अकरापर्यंत उघडं असतं, तेव्हा Off Timer बदला, नंतर परत आणा. रिमोट गल्ल्यात ठेवा.

आणि पहिल्या रात्री शटर ओढताना स्वतः थांबा. कोण मेनकडे हात नेतोय ते बघा.