जोडीदाराचा सूर्य आठव्या घरात? या चुका टाळा

रामबागेतल्या एक काकू परवा मुलीची आणि होणाऱ्या जावयाची पत्रिका घेऊन आल्या. अॅपमध्ये सिनॅस्ट्री, म्हणजे दोघांच्या पत्रिकांची तुलना, काढलेली. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती: त्याचा सूर्य हिच्या आठव्या घरात. "आठवं म्हणजे मृत्युस्थान ना हो?" एवढंच विचारलं, पण रात्रभर झोपल्या नव्हत्या हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी आधी जन्मगाव पाहिलं. मुलगी इंदूरची, जन्म रात्री अकराच्या सुमारास. नोकरीला मुंबईत आहे, म्हणून अॅपने गाव आपोआप मुंबई धरलं होतं. ही चूक फार होते आणि तीच महागात पडते. दोन्ही शहरांत सुमारे तीन रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे स्थानिक वेळेत बारा मिनिटं. अक्षांशही वेगळा. मुंबई धरल्यावर लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा आणि जिथून घरं मोजतात तो बिंदू, मेषेच्या २७ अंशांवर येत होतं, इंदूर टाकल्यावर वृषभेच्या २ अंशांवर गेलं. मुलाचा सूर्य वृश्चिकेत ५ अंशांवर. मेषेपासून वृश्चिक आठवी, वृषभेपासून सातवी. गाव बदललं आणि आठवं घर सातवं झालं!

दुसरी चूक घरं मोजण्याच्या पद्धतीची. अॅप एक रास म्हणजे एक घर धरत होतं. त्याच चुकीच्या लग्नावरून अंश मोजले, तर सूर्य १८८ अंश पुढे येतो. लग्नाच्या अंशापासून तीस-तीस अंशांची घरं पाडली, तर १८० ते २१० सातवं घर, म्हणजे तिथेही तो सातव्यातच. भावचलित काढलं, म्हणजे लग्नाचा अंश पहिल्या घराच्या मध्यावर धरला, तरी तेच. म्हणून निकालाआधी अॅपची सेटिंग पाहा आणि दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीने, राशिचक्राची सुरुवात ठरवणाऱ्या एकाच अयनांशाने मांडा.

बरं, सूर्य खरंच आठव्यात पडला असता तर? या तुलनेत आठवं घर सामाईक पैसा, वारसा, कर्ज, शरीराची जवळीक आणि मनात दडवलेल्या गोष्टी यांचं मानतात. अशा जोडीत तो तिच्या झाकलेल्या गोष्टींवर उजेड पाडतो, असं वाचायचं. मांगल्य पाहायचं ते तिच्या स्वतःच्या पत्रिकेतल्या अष्टमावरून. दुसऱ्याच्या ग्रहावरून आयुष्य मोजू नये, आणि त्यावरून कुणी शांत करायला सांगितली तर माझा त्याला साफ विरोध आहे.

शिवाय त्याचा सूर्य हिच्या आठव्यात म्हणून हिचाही त्याच्या आठव्यात, असं होत नाही. त्याचं लग्न मिथुन, हिचा सूर्य सिंहेत, म्हणजे त्याच्या तिसऱ्या घरात: बोलणं, भावंडं, रोजची ये-जा. ही दुसरी बाजू काकूंनी उघडलीच नव्हती.

एक अडचण मात्र उरते. लग्न ढोबळमानाने चार मिनिटांत एक अंश सरकतं. हिचं लग्न वृषभेत जेमतेम दोन अंश गेलेलं, म्हणजे वेळ दहा मिनिटं आधीची निघाली तर पुन्हा मेष, आणि राशीने मोजलं तर पुन्हा आठवं. म्हणून काकूंना प्रसूतिगृहाचा जुना कागद शोधायला सांगितलं आहे. तो मिळेपर्यंत सातवं की आठवं, हे मी त्यांना ठामपणे सांगणार नाही.