द्विधातू पट्टीची वक्रता काढताना या चुका टाळा

मुंबईतल्या एका डिप्लोमा कॉलेजातली मुलं पाण्याच्या भांड्यासाठी कटऑफ बनवत होती. पाणी ९० अंशांवर गेलं की पट्टीने वाकून हीटर बंद करायचा. गुलालवाडीतून पितळ आणि पोलादाचे अर्धा-अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्रे आणले, चांदीच्या डाखाने जोडले आणि पट्टीची मोकळी लांबी १५० मिलिमीटर ठेवली. ३० अंशांवर टोक आणि संपर्कबिंदू यांच्यात साडेनऊ मिलिमीटर अंतर सोडलं. पाणी खळखळ उकळलं, तरी पट्टी काही टेकेना. मग थर्मामीटर बदलला, हीटर बदलला, डाखावरही शंका घेऊन झाली. गणित मात्र कुणीच पुन्हा तपासलं नाही, कारण ते क्लासच्या नोट्समधलं होतं.

त्या नोट्समधलं सूत्र असं: त्रिज्या म्हणजे एका पत्र्याच्या जाडीला प्रसरण गुणांकांतला फरक आणि तापमानवाढ यांच्या गुणाकाराने भागायचं. हे सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक धातूची मध्यरेषा आपापल्या हक्काची लांबी पूर्ण गाठते आणि मग पट्टी नुसती वाकते. पण वाकायला आघूर्ण लागतं, आणि इथे बाहेरून कुणीच जोर लावत नाही. ते आघूर्ण येतं ते पोलाद पितळाला दाबतं आणि पितळ पोलादाला ताणतं त्यातून. म्हणजे पितळाची मध्यरेषा हक्काच्या लांबीपेक्षा आखूड राहते आणि पोलादाची जास्त लांबते. दोघी मोकळ्या वाढल्या असत्या, तर पट्टीला वाकवणारं काही उरलंच नसतं. परीक्षेत उत्तर पटकन यावं म्हणून हे गाळतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण गाळलेला भाग हाच या विषयाचा गाभा आहे.

अभियंता तिमोशेंको यांनी १९२५ मध्ये मांडलेलं सूत्र वापरा. त्यात κ म्हणजे वक्रता, म्हणजे एक भागिले त्रिज्या; α प्रसरण गुणांक, ΔT तापमानवाढ, t जाडी आणि E मोड्युलस:

```
κ = C·(α1 − α2)·ΔT / h
C = 6(1+m)² / [3(1+m)² + (1+mn)(m² + 1/(mn))]
m = t1/t2,  n = E1/E2,  h = t1 + t2
```

मुलांच्या पट्टीत पितळ पहिलं, पोलाद दुसरं. जाड्या सारख्या, म्हणून m = 1. पितळाचा मोड्युलस सुमारे १०० आणि पोलादाचा २०० गिगापास्कल, म्हणून n = 0.5. यातून C येतो १.४५. प्रसरण गुणांक १९ आणि १२ मायक्रो प्रति अंश, तापमानवाढ ६० अंश, एकूण जाडी १ मिलिमीटर. त्रिज्या सुमारे १६४० मिलिमीटर येते आणि टोकाचं सरकणं (κL²/2) सुमारे ६.९ मिलिमीटर. क्लासच्या सूत्रात C थेट २ धरल्यासारखा होतो, म्हणून त्यांना ९.४५ मिळाले. तेवढं सरकायला पट्टी ११२ अंशांपर्यंत तापायला हवी, आणि उघड्या भांड्यातलं पाणी तिथवर जाणारच नाही. अंतर ६.९ केल्यावर कटऑफ चालला.

म्हणून मी C नेहमी वेगळा काढून लिहितो. जाड्या आणि मोड्युलस काहीही असोत, C कधीच १.५ च्या वर जात नाही. E1·t1² आणि E2·t2² सारखे असले की तो बरोबर १.५ असतो, बाकी सगळीकडे कमी. दीडपेक्षा मोठा आला, तर पुढे जाऊच नका.

दुसरी चूक उलट्या बाजूची, म्हणून दीडच्या चाळणीतून निसटते. m काढताना पितळ वर आणि n काढताना पोलाद वर. जाड्या सारख्या असतील तर काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. पितळ ०.७ आणि पोलाद ०.३ मिलिमीटर घ्या: C यायला हवा १.४२, n उलटा धरला तर येतो १.०२. माझा उपाय साधा आहे. m आणि n दोन्हींच्या शेजारी वर कोणता धातू घेतला त्याचं नाव लिहायचं, दोन्हीकडे एकच नाव यायला हवं. दोन मिनिटं लागतात, तरी नवशिक्यांना तीही जड वाटतात.

तापमानवाढीत २७३ मिळवू नका, फरक तो फरकच.

मोड्युलसच्या तिसऱ्या अंकासाठी पुस्तकं धुंडाळू नका. वरच्या पट्टीत n अर्ध्याऐवजी एक धरला, तरी C १.४५ चा १.५ होतो, एवढंच. ती मेहनत जाडी मोजण्यात घाला. दोन्ही बाजूंनी सारखी घासून १ मिलिमीटरची ०.९ झाली, तर वक्रता अकरा टक्क्यांनी वाढते. मायक्रोमीटर वापरा, पत्र्यावर लिहिलेल्या जाडीवर विसंबू नका.

दिशेबाबत: तापवल्यावर जास्त प्रसरणाचा धातू, इथे पितळ, वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतो.

आणि हे सूत्र वक्रतेतला बदल सांगतं. गरम डाखाने जोडलेली पट्टी थंड होताना पितळाकडे वाकूनच बसते, म्हणून अंतर सरळ रेषेपासून न मोजता खोलीच्या तापमानाला टोक जिथे आहे तिथून मोजा.