हळदीच्या चिडवणीच्या गाण्यात टाळी का फुटते? या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात नवरी हळदीच्या पाटावर बसली की मैत्रिणी तिला चिडवायला टपलेल्याच असतात. पण दोन कडवी झाली की टाळ्या इकडे आणि धृपद तिकडे, असं बऱ्याच मांडवांत होतं. दोष बहुधा कडव्यात असतो.

हे धृपद घ्या:

टाळी वाजवा वं, टाळी वाजवा
नवरीच्या गालाले हळद लावा

दर ओळीत चार टाळ्या: टाळी, वाजवा, टाळी, वाजवा. पुढे नवरीच्या, गालाले, हळद, लावा. आता मैत्रीण उत्साहात लिहिते, ‘आमची मैत्रीण रोज सकाळी नऊ वाजेपर्यंत झोपते अन् तिची माय हाका मारून थकते.’ गंमत आहे, पण ती चार टाळ्यांत मावत नाही. गाणारी शब्द कोंबते, टाळी घाईला येते आणि मागच्या बायकांना धृपद कुठं उचलायचं तेच कळत नाही. हेच असं छाटा:

कोंबडा आरवला, नवरी झोपली
हाका मारू मारू माय थकली

पुन्हा चार आणि चार, ‘मारू मारू’ एकाच टाळीत जातं. कडवं लिहिलं की चाल न लावता, नुसती टाळी देत म्हणून बघा. जीभ अडखळली तर तिथला शब्द काढा. शेवटचा शब्द नेमका चौथ्या टाळीवर पडला की धृपद आपसूक उचललं जातं.

दुसरी चूक पहिल्याच ओळीला वरच्या पट्टीत सुरू करण्याची. पोरींना ती झेपते, पण काकू, मामी, आजी गप्प होतात, आणि धृपदाचा खरा आवाज त्यांचाच. म्हणून बोलण्याच्या आवाजापेक्षा थोड्याच वर धरा. लयही सुरुवातीला संथ ठेवा, ती पुढे आपोआप वाढते. डीजे मात्र तेवढा वेळ पूर्ण बंद करायला सांगा. दोन ठेक्यांत कोणीच टिकत नाही.

ओल्या हळदीच्या हातांनी टाळी फुसकी वाजते. म्हणून हळद लावणाऱ्या आणि टाळी धरणाऱ्या वेगळ्या ठेवा. टाळीवाल्या नवरीच्या समोर अर्धगोलात एकमेकींना दिसतील अशा बसवा.

चिडवण्याचे विषय झोप, मोबाईल, जळलेली भाकर असे हलके हवेत. रंग, वजन, मोडलेली सोयरीक, देणंघेणं हे गाण्यात आणूच नका. सासरची माणसं समोर असतात आणि नवरीला पाटावरून उठूनही जाता येत नाही. तिला उत्तराचं एक कडवं आधीच शिकवा:

माहेरची झोप घेऊ द्या पुरी
कोंबडं जागवन मले सासरी

एवढं करूनही लय फुटलीच, तर गाणं सोडू नका. गाणारीनं शब्द थांबवून नुसत्या आठ टाळ्या वाजवाव्या, सगळ्यांचे हात जुळले की धृपदापासून पुन्हा धरावं. अर्ध्या कडव्यातून कधीच नाही.