‘ग्लूटिनस’ तांदळात ग्लूटेन नसतं: पाकीट फेकण्याआधी या चुका टाळा

माझ्या मावसबहिणीच्या लेकीला सेलिअॅक हा आजार आहे. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, म्हणून गव्हाचा कण पोटात गेला तरी तिला त्रास होतो. गेल्या गणपतीत सिंगापूरहून आलेल्या नणंदेने मोदकांसाठी एक पाकीट आणलं, त्यावर इंग्रजीत ‘ग्लूटिनस राइस फ्लोअर’ असं लिहिलेलं. बहिणीने ते पहिल्याच दिवशी कामवाल्या मावशींना देऊन टाकलं आणि आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, गल्लीतल्या गिरणीतून दळून आणला. मोदक सुरेख झाले. दुसऱ्या दिवसापासून मुलीचं पोट बिघडलं ते चार दिवस. गिरणीमुळेच बिघडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दोन्ही पिठांत संशय घ्यायचाच तर तो नेमका उलट घ्यायला हवा होता.

पहिली चूक अर्थात नावाची. लॅटिनमध्ये ‘ग्लूटेन’ म्हणजे खळ, डिंक. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकात गव्हाची कणीक पाण्यात धुऊन मागे राहणारा रबरासारखा गोळा वेगळा काढला, आणि त्या गोळ्याला हेच नाव चिकटलं. शिजल्यावर डिंकासारख्या होणाऱ्या तांदळाला वनस्पतिशास्त्राने ‘ग्लूटिनोसा’ म्हटलं, तेही याच शब्दावरून, पण केवळ ‘चिकट’ एवढ्याच अर्थाने. ज्यांचं हे धान्य आहे त्यांचा असा घोटाळा होत नाही. जपानी माणूस या तांदळाला मोचिगोमे म्हणतो, थाई माणूस खाओ निआओ, आसामात तो बोरा साउल. यातल्या एकाही नावात ग्लूटेनची आठवण नाही. घोटाळा इंग्रजी लेबलाचा आहे.

मग हा तांदूळ चिकटतो कशामुळे? पिष्टामुळे. तांदळाच्या पिष्टात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज सरळ साखळीचं असतं आणि अमायलोपेक्टिन झाडासारखं फांद्या फुटलेलं. बासमतीत अमायलोज साधारण पिष्टाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं असतं, म्हणून त्याचं शीत न् शीत मोकळं राहतं. बोरा साउल किंवा मोचिगोमेत अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून शितं एकमेकांना धरतात. आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मऊ, चिकटसर होतो खरा, पण तो ग्लूटिनस जातीचा नव्हे. गव्हातलं ग्लूटेन हा प्रकारच वेगळा. ते प्रथिन आहे. ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन पाण्यासोबत मळले की त्यांचं जाळं तयार होतं.

इथे आणखी एक नाव घात करतं. तांदळाच्या मुख्य प्रथिनाला ‘ग्लूटेलिन’ म्हणतात. पोषणाच्या माहितीत हा शब्द वाचून काहीजण ‘बघा, आहेच की’ म्हणतात. नाही. सेलिअॅकवाल्यांना बाधतात ती गहू, जव आणि राय यांची प्रथिनं. तांदळाचं ग्लूटेलिन त्यांतलं नाही.

खात्री करायची असेल तर घरी एक प्रयोग होतो. (सेलिअॅक असलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर पाठवा, मैदा हवेत उडतो.) 100 ग्रॅम मैदा सुमारे 60 मिलिलिटर पाण्यात घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पातेलंभर पाण्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधाळ होतं. ते बदलत राहा. शेवटी हातात पिवळट, ताणला की लांब होणारा गोळा उरतो, ओला असताना साधारण 25 ते 30 ग्रॅमचा. तेच ग्लूटेन. आता ग्लूटिनस तांदळाच्या पिठाचा गोळा तसाच धुवा. तो विरघळत जातो, सगळं पीठ पाण्याच्या तळाशी बसतं आणि हातात काही उरत नाही.

पण या प्रयोगावर विसंबून पाकीट ‘पास’ करणं ही पुढची चूक. तांदळाच्या पिठात चिमूटभर गव्हाचं पीठ मिसळलं असेल तर धुऊन ते कळणार नाही. आणि चिमूट पुरते. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला आपल्याकडे मर्यादा आहे किलोला 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची. गव्हाच्या पिठात ग्लूटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा धरा. म्हणजे एक किलो तांदळाच्या पिठात 200 मिलिग्रॅम, नखावर मावेल एवढी कणीक, पडली की ते पीठ मर्यादेवर पोचलं.

आता गिरणी आठवा. जात्याच्या पाळ्यांत, नळकांड्यात, पीठ पडतं त्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचं किती पीठ अडकलेलं असतं! ‘तांदळावर तांदूळ दळून द्या’ असं आपण सांगतो ते चव आणि रंग राखायला. सेलिअॅकसाठी तेवढं पुरत नाही, कारण तुमच्या आधीचा तांदूळ स्वतः गव्हावर दळलेला असतो. पहिलं किलोभर पीठ बाजूला काढलं तरी उरलेलं स्वच्छ झालं, याची हमी कोणी देऊ शकत नाही. खात्रीचा मार्ग दोन प्रकारचा: गहू कधीच न शिरलेली घरघंटी, किंवा वाळवलेला तांदूळ वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरच्या भांड्यात फिरवून नव्या चाळणीने चाळणं. जुनी मैद्याची चाळण कितीही धुतली तरी जाळीच्या कडेला पीठ राहतंच.

आणलेल्या पाकिटाचंही तेच तत्त्व. नाव सोडून द्या, घटकांची ओळ आणि ॲलर्जीची सूचना वाचा. घटकांत फक्त तांदूळ आणि वर ‘ग्लूटेन-फ्री’ असेल तर निर्धास्त. ‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं लिहिलेलं असेल तर परत. काहीच लिहिलेलं नसेल तर निरोगी माणसांना वाढा, त्या मुलीला नको.

खरा ग्लूटेन बहुधा तांदळाच्या शेजारी लपतो. जपानी मिताराशी दांगो हे गोळे तांदळाच्या पिठाचे असतात, पण वरचा गोडसर रस सोया सॉसचा, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. चिनी पद्धतीच्या चिकट भातातही तेच. आपल्या घरातली गोष्ट सांगायची तर फोडणीतला बांधानी हिंग पाहा. त्यात अनेकदा मैदा असतो.

सर्वांत फसवं म्हणजे जपानी दुकानात भातात घालायला मिळणारं ‘मोचिमुगी’. इंग्रजीत ‘ग्लूटिनस बार्ली’. इथेही चिकटपणा पिष्टाचाच, अमायलोज कमी असल्याचा. पण धान्य जव आहे, म्हणून ग्लूटेनही आहे. ‘ग्लूटिनस म्हणजे फक्त चिकट, काळजी नको’ हे पाठ करून बसलेला माणूस इथे फसतो. त्यामुळे त्या शब्दाकडे दुर्लक्ष करा आणि त्याच्या पुढचा शब्द वाचा: राइस की बार्ली.

बहिणीने पुढच्या संकष्टीला तेच पीठ पुन्हा मागवलं, घटकांची ओळ वाचून. अख्खे मोदक त्याचे केले तर उकडताना बसतात, कळ्या पसरतात. म्हणून तिने घरी मिक्सरवर केलेल्या वाटीभर तांदळाच्या पिठीत दोन चमचे एवढंच घातलं. पारी वळताना चिरली नाही. परात मात्र नवी आणली, कारण जुनीत रोज कणीक मळली जाते.