‘स्वतःबद्दल सांगा’: फ्रेशरची दोन मिनिटं

मुलाखत घेणाऱ्याच्या हातात तुमचा बायोडेटा असतो. तरीही ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की बहुतेक फ्रेशर तोच वाचून दाखवतात: नाव, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, घरी कोण असतं, छंद वाचन आणि प्रवास. मग ‘मी मेहनती आहे’ येतं. ते बाहेर बसलेले बाकीचे उमेदवारही म्हणणार असतात. समोरच्याला खरं तर एवढंच हवं असतं, की पुढचा प्रश्न कशावर विचारायचा याचा धागा मिळावा. तो धागा तुम्ही आपल्या हाताने द्यायचा.

सुरुवात जाहिरातीपासून करा. त्यात दिलेल्या कामांपैकी रोज करावं लागेल असं एक काम निवडून त्याखाली रेघ मारा. समजा, जागा अकाउंट्स असिस्टंटची आहे आणि लिहिलंय, ‘रोजच्या नोंदी करणे व बँकेशी ताळमेळ घालणे’. आता आठवा, असं काही, कितीही लहान, आपण कधी केलंय का? नोकरीच हवी असं नाही. प्रोजेक्ट, स्नेहसंमेलन, घरच्या कुणाला केलेली मदत, सगळं चालतं. पण एकच निवडा. तीन गोष्टी सांगायला गेलात तर प्रत्येकीला अर्धं मिनिट मिळतं आणि एकही लक्षात राहत नाही.

आता ते लिहून काढा. दोन मिनिटांत आरामात बोलता येतात ते साधारण दोनशे ते सव्वादोनशे शब्द. त्यातली पहिली वीस सेकंद तुम्ही कोण आणि काय शिकलात यासाठी, शेवटची तीस सेकंद ही नोकरी का हवी यासाठी. उरलेला मधला भाग त्या एका कामाचा.

मधला भाग कसा लिहायचा ते पाहू. बी.कॉम. झालेली एक मुलगी आधी असं लिहिते: ‘मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा हिशेब सांभाळला, त्यातून मला जबाबदारी शिकायला मिळाली.’ यात खोटं काही नाही, पण यावर विचारणार काय? तिनेच हे पुन्हा लिहिलं ते असं:

‘स्नेहसंमेलनाची रोखवही माझ्याकडे होती. शेवटच्या दिवशी वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड यांत 270 चा फरक आला. फरकाला नऊने पूर्ण भाग जात होता, म्हणून कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल असा मला संशय आला. व्हाउचर एकेक करून वहीशी ताडून पाहिली. 630 चा खर्च मी 360 लिहिला होता. त्यानंतर दिवस संपायच्या आत रोकड मोजून वहीवर सही घ्यायची, असं आम्ही ठरवलं.’

नऊची ही युक्ती हिशेबनीसांच्या रोजच्या वापरातली आहे. (नऊने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं मात्र नाही, शोध कुठून सुरू करायचा एवढंच त्यातून कळतं.) पण ऐकणाऱ्याला लगेच समजतं, की हिने वही खरंच हाताळली आहे. शिवाय चूक स्वतःची होती हे तिने लपवलं नाही. माझ्या मते या उत्तराची खरी ताकद तीच आहे.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात ‘तुमची कंपनी नामांकित आहे’ असलं काही नको. मधल्या कामाचंच टोक जाहिरातीला बांधा: ‘तुमच्या जाहिरातीत बँकेशी ताळमेळ घालण्याचं काम आहे. ते मी अभ्यासात केलंय, खऱ्या खात्यांवर अजून नाही. तेच मला शिकायचंय.’ अनुभव नसल्याची माफी मागायची गरज नाही. फ्रेशर आहात हे माहीत असूनच त्यांनी बोलावलंय. इथे थांबा. ‘बस, एवढंच’ म्हणू नका, गप्प राहा. पुढचा प्रश्न येतो.

सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून करा, पण शब्द न शब्द पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं: वाक्यांचा वेग एकसारखा राहतो, आणि मध्ये कुणी काही विचारलं की उमेदवार पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतो. त्याऐवजी चार टप्पे लक्षात ठेवा: वही, 270, व्हाउचर, सही. घाबरल्यावर बोलण्याचा वेग वाढतो, म्हणून घरी उत्तर दीड मिनिटात संपलं तर त्यात भर घालत बसू नका, सावकाश बोला. अडीच मिनिटं लागली तर मात्र सुरुवातीचा भाग कापा, मधला नाही. ‘थोडक्यात सांगा’ म्हणाले तर शिक्षणाचं एक वाक्य आणि थेट 270 चा फरक.

आणि एक परीक्षा घरीच घ्या. मित्राला उत्तर ऐकवा आणि त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. ‘व्हाउचर किती होती?’, ‘फरक नऊने भागला गेला नसता तर?’ असे प्रश्न आले तर उत्तर जमलंय. ‘छान आहे’ एवढंच म्हणाला तर मधला भाग पुन्हा लिहा. आणि ज्या वाक्यावरच्या प्रश्नाला तुम्ही स्वतःच अडखळलात, ते वाक्य काढून टाका.