रॉयल्टीचं स्टेटमेंट कमी वाटतंय? पत्र लिहिण्याआधी या चुका टाळा

राजारामपुरीत मी हिशेब लिहिण्याचं काम करतो. जून-जुलै उजाडला की ओळखीतले दोन-चार लेखक प्रकाशकाचा कागद घेऊन येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "मला गंडवलंय." गेल्या वर्षी आलेले सर निवृत्त शिक्षक. तालमीच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक डिसेंबरात आलं होतं. किंमत 300 रुपये, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची, करारात रॉयल्टी 10 टक्के. स्टेटमेंटवर चारच आकडे होते: छापील प्रती 1000, विक्री 312, शिल्लक 498, देय रॉयल्टी 5616 रुपये.

"साडेचारशे तरी गेल्यात," सर म्हणाले. "महाद्वार रोडच्या दुकानात सत्तर, शाहू स्मारकच्या कार्यक्रमात चाळीस, सांगलीत, पुण्यात..." वहीत सगळं लिहून आणलं होतं. प्रकाशकाला पाठवायचं खरमरीत पत्रही तयार होतं.

ऐकीव आकड्यांवर भांडणं

ही सगळ्यात मोठी चूक. दुकानदार खोटं बोलत नसतो, पण त्याचा आकडा आणि स्टेटमेंटचा आकडा एकाच गोष्टीचा नसतो. सरांच्या कागदावर वर 'दि. 31 मार्च अखेर' असं लिहिलं होतं. दुकानदाराला त्यांनी विचारलं जुलैत. म्हणजे त्या सत्तरांत एप्रिल, मे आणि जूनची विक्रीही आली. शिवाय बरीच दुकानं पुस्तकं 'विक्री-परत' बोलीवर ठेवतात. प्रत कपाटात दिसते, पण प्रकाशकाच्या वहीत ती विकली गेलेली नसते. दुकान हिशेब देईल तेव्हा तिचं बिल फाटतं.

सरांच्या वहीतले चाळीस तर त्यांनी स्वतःच 40 टक्के सवलतीत घेतले होते आणि कार्यक्रमात वाचकांना दिले होते. लेखकाने सवलतीत घेतलेल्या प्रतींवर रॉयल्टी नाही, असं कलम अनेक करारांत असतं. त्यांच्याही होतं. करार त्यांनी सही केल्यापासून उघडला नव्हता. (बहुतेक जण उघडत नाहीत. माझ्याकडे एकांनी करार म्हणून प्रकाशनाची निमंत्रणपत्रिका आणली होती.)

भागाकार न करणं

माझं पहिलं काम असतं रॉयल्टीच्या रकमेला प्रतींनी भागणं. टीडीएस कापला असेल तर कापण्याआधीची रक्कम घ्यायची. 5616 भागिले 312, म्हणजे प्रतीमागे 18 रुपये. 300 रुपयांचे 10 टक्के तर 30 होतात. मग 18 कुठून आले? 180 चे 10 टक्के. वितरकाला 40 टक्के सवलत दिली की 300 चे 180 उरतात.

म्हणजे कुणीतरी रॉयल्टी छापील किमतीवर न काढता हाती आलेल्या रकमेवर काढली होती. दोन्ही पद्धती चालतात. करारात कुठली आहे, तेवढाच प्रश्न. सरांच्या करारात 'छापील किमतीवर' असे शब्द स्पष्ट होते. 50 टक्क्यांपेक्षा जास्त सवलतीने दिलेल्या घाऊक प्रतींवर मात्र मिळालेल्या रकमेवर, असा अपवादही होता. 312 गुणिले 30 म्हणजे 9360. फरक 3744 रुपयांचा. सर भांडायला आले होते प्रतींवरून, आणि कमी पडत होते ते किमतीत.

फक्त 'विक्री किती?' विचारणं

याचं उत्तर पुन्हा 312 असंच येणार. विचारायचं ते प्रतींच्या वाटेबद्दल. छापलेल्या प्रतींतून शिल्लक वजा केली की किती बाहेर गेल्या ते कळतं: 1000 वजा 498, म्हणजे 502. त्यातल्या 312 विकल्या. उरलेल्या 190 कुठे आहेत? हा प्रश्न प्रकाशकाच्या स्वतःच्याच आकड्यांतून निघतो, त्यामुळे त्याला राग मानायला जागा राहत नाही.

शिल्लक विचारतानाही एक खाच आहे. आवृत्ती हजाराची छापली म्हणून हजार पुस्तकं बांधून आली असं नसतं. काही फर्मे, म्हणजे छापलेले पण न बांधलेले कागद, सुटे ठेवतात आणि मागणी येईल तसे बाइंडरकडे पाठवतात. म्हणून 'छापलेल्या' आणि 'बांधून आलेल्या' प्रती वेगळ्या मागायच्या. पुढे संशय उरलाच तर छापखान्याचं आणि बाइंडरचं बिल हेच ताडून बघायचे कागद.

सरांचं खरमरीत पत्र बाजूला ठेवून आम्ही हे ईमेलने पाठवलं:

> सप्रेम नमस्कार. 31 मार्चअखेरचं स्टेटमेंट मिळालं, आभार. माझ्या नोंदींसाठी खालील तपशील मिळावा.
> छापलेल्या आणि बांधून आलेल्या प्रती किती?
> शिल्लक 498 पैकी बांधलेल्या किती, सुटे फर्मे किती?
> बाहेर गेलेल्या 502 पैकी विक्री 312 आहे. उरलेल्या 190 पैकी अभिप्राय व भेट, लेखकाने घेतलेल्या आणि विक्री-परत बोलीवर असलेल्या प्रती किती?
> 312 पैकी 50 टक्क्यांहून जास्त सवलतीने गेलेल्या प्रती किती?
> रॉयल्टी प्रतीमागे 18 रुपये येते. करारानुसार छापील किमतीवर 30 रुपये अपेक्षित आहे. हिशेबाचा आधार कळवावा.
> दिलेली रक्कम मी हरकत राखून स्वीकारत आहे.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. चेकसोबत 'हिशेब पूर्ण मिळाला, काही येणे नाही' असा मजकूर असलेली पावती येते आणि लोक पोस्टमनची सही करावी तशी तिच्यावर सही करतात. शंका असेल तर ती सही करू नका. काही करारांत हरकत घ्यायची मुदतही लिहिलेली असते, तीही आधी पाहावी. फोनवर बोललात तरी 'आज आपलं असं बोलणं झालं' एवढा ईमेल टाका.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. बांधून आलेल्या 700, सुटे फर्मे 300 प्रतींचे. शिल्लक बांधलेल्या 198. अभिप्राय व भेट 40, लेखकाने घेतलेल्या 40, विक्री-परत बोलीवर 110. बेरीज जुळली. घाऊक सवलतीच्या प्रती शून्य. 18 रुपयांचं कारण सरळ होतं: त्यांच्या इतर करारांत रॉयल्टी हाती आलेल्या रकमेवर होती, सॉफ्टवेअरमध्ये सरांच्या पुस्तकालाही तीच पद्धत लागली होती. लबाडी नव्हती, पण विचारलं नसतं तर दरवर्षी तशीच लागत राहिली असती. 3744 रुपये पुढच्या आठवड्यात खात्यावर आले.

उत्तर नाहीच आलं तर? कराराचा क्रमांक आणि तारीख घालून एक स्मरणपत्र, मग स्पीड पोस्टाने एक. हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क करारात असेल तर त्या कलमाचा उल्लेख करून तारीख मागायची. वकिलाची नोटीस त्यानंतर. पैशाच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' करत बसू नये. रक्कम चार हजारांची असेल तर कोर्टाचा खर्च तिच्यापेक्षा जास्त होतो, हेही आधीच धरून चाला.

"आणि ते एकशे दहा?" सरांनी विचारलं.

"पुढच्या स्टेटमेंटला. एकतर विक्रीत दिसतील, नाहीतर परत आलेल्या म्हणून शिल्लकीत. दोन्हीकडे नसतील तर या."

सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर 110 लिहून त्याला गोल केला.