श्वास कुठे तुटतो ते पेन्सिलीने दाखवा

सांगलीत पुरवण्यांसाठी लेख लिहायला लागलो तेव्हा पहिल्या काही महिन्यांत माझे लेख 'वाचताना दमायला होतं' एवढ्याच शेऱ्यासह परत यायचे. व्याकरण बरोबर, माहिती तपासलेली, तरी दमायला का होतं ते कळत नव्हतं. आमच्या शेजारी नाटकात काम करणारे काका राहतात. त्यांच्या संहितेत जागोजागी तिरक्या रेघा दिसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाले, "श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा आहेत. तुझा लेख आण बघू, मोठ्याने वाच."

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचा लेख होता. दुसरंच वाक्य असं होतं:

"कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरमध्ये पूर्वी व्यापाऱ्यांनी खरेदी केलेली आणि भाव येईपर्यंत न किडता टिकावी म्हणून जमिनीखाली खोदलेल्या पेवांमध्ये साठवून ठेवलेली हळद २००५च्या महापुरात पाणी शिरल्यामुळे मोठ्या प्रमाणात खराब झाल्याचे जुने व्यापारी सांगतात."

'पेवांमध्ये'पाशी माझा श्वास संपला. काकांनी तिथे रेघ मारली. पुढचा श्वास 'शिरल्यामुळे'ला तुटला, तिथे दुसरी.

घरी आल्यावर मी चूक केली, आणि नव्याने लिहिणारे बहुतेक जण हीच करतात: रेघ होती तिथेच वाक्य तोडलं. "व्यापाऱ्यांनी खरेदी केलेली हळद पेवांमध्ये असे. साठवून ठेवलेली ही हळद…" वाक्यं दोन झाली, पण लंगडी. रेघ दाखवते ती श्वास संपल्याची जागा. दोष बहुतेक वेळा तिच्या आधी असतो. म्हणून रेघेपासून मागे जायचं आणि बघायचं, आपण कुठल्या शब्दाची वाट बघत होतो? इथे 'केलेली' आणि 'ठेवलेली' ही दोन्ही विशेषणं 'हळद' या एका शब्दासाठी ताटकळत होती, आणि तो शब्द यायला वीस शब्द लागले. शिवाय तो आल्यावरही तिचं काय झालं ते शेवटाकडेच कळतं, कारण मराठीत क्रियापद शेवटी. तोवरचं सगळं वाचणाऱ्याने डोक्यात धरून ठेवायचं.

'वसलेल्या', 'केलेली', 'ठेवलेली', 'असलेल्या' असे शब्द रेघेच्या मागे दोन-तीन दिसले की मी त्यांची क्रियापदं करतो. तेच वाक्य मग असं झालं:

"हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे. इथले व्यापारी हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवायचे. पेवात ती किडत नसे, त्यामुळे भाव येईपर्यंत थांबता यायचं. २००५च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि बरीच हळद खराब झाली, असं जुने व्यापारी सांगतात."

यातलं 'साठवायचे' मला सुचलं नव्हतं, ते वाचताना तोंडातून निसटलं होतं. कागदावर एक आणि तोंडात दुसरंच आलं, तर थांबून कागदावरचं पुन्हा वाचू नका. तोंडातलं समासात लिहून घ्या. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा तेच बरं असतं.

लांब वाक्य म्हणजे वाईट, असा मात्र अर्थ काढू नका. त्याच लेखात हे होतं: "शेतकरी हळद काढतो, शिजवतो, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतो, पॉलिश करून घेतो आणि मग पोती भरून मार्केट यार्डात आणतो." यावर एकही रेघ पडली नाही. प्रत्येक क्रियापदाशी अर्थ पुरा होतो आणि श्वासाला जागा मिळते. म्हणून स्वल्पविरामाला किंवा अर्थ पुरा होतो तिथे सहज श्वास घेतला, तर खूण करायची नाही. मधेच, नको तिथे घ्यावा लागला तरच करायची.

वाचायची माझी पद्धत साधी आहे. लेख एक रात्र ठेवतो, ओळींत मोकळी जागा सोडून प्रिंट काढतो आणि गच्चीवर उभा राहून नेहमीच्या आवाजात वाचतो. आधी छाती भरून श्वास घ्यायचा नाही, नाहीतर वाईट वाक्यही निभावून जातं. मधे थांबून दुरुस्ती करायची नाही, नुसत्या रेघा मारत जायचं. तिसऱ्या वाचनापर्यंत वाक्यं पाठ होतात आणि श्वास आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे पहिल्या वाचनाच्या खुणाच खऱ्या धरायच्या. दोनेक पानांनंतर दम लागल्यानेही रेघा वाढायला लागतात. रेघा अचानक दाट झाल्या तर पाणी पिऊन त्या पानाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचतो. तरीही रेघ त्याच जागी पडली, तर वाक्य उघडायला घेतो.

सर्दी झाली असेल त्या दिवशी मी वाचत नाही. काकांना वाचायला देतो आणि शेजारी बसून रेघा मी मारतो. पहिल्यांदाच वाचणाऱ्याचा श्वास माझ्यापेक्षा लवकर तुटतो, आणि मला पाठ झालेल्या वाक्यांवरही त्यांच्या रेघा पडतात.